सौरघटाचा आलेख कुठे वाकतो?

उन्हात ठेवलेल्या सिलिकॉन सौरघटाच्या तारा एकमेकींना जोडल्या, की समजा 3 अँपिअर प्रवाह वाहतो, पण व्होल्टेज जवळजवळ शून्य. मोकळ्या सोडल्या तर 0.6 व्होल्ट, प्रवाह शून्य. शक्ती दोन्हीकडे नाहीच! रोध वाढवत नोंदी घेतल्या, की आलेख बराच सपाट जातो आणि गुडघ्यासारखा वाकून खाली कोसळतो. कमाल शक्ती या वाकणावर: 0.48 व्होल्ट गुणिले 2.7 अँपिअर, सुमारे 1.3 वॉट. टोकांच्या आकड्यांच्या गुणाकाराने, 1.8 ने, भागले की फिल फॅक्टर 0.72.

तो 0.54 आला आणि उतरण तिरकी दिसली, तर आधी क्लिपा तपासाव्यात. 0.05 ओहमचा सैल सांधाही 3 अँपिअरला 0.15 व्होल्ट गिळतो. व्होल्टमीटर थेट घटालाच जोडावा.