टेस्ट मोड, कार्ड-व्यवहारातील

टेस्ट मोड : संकेतस्थळावर कार्डाने पैसे स्वीकारण्याची यंत्रणा ग्राहकांना खुली करण्यापूर्वी, खरे पैसे न हलविता तिची परीक्षा घेण्यासाठी असलेली स्वतंत्र अवस्था. स्ट्राइप या २०१० मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपनीची पद्धत याचे परिचित उदाहरण होय.

स्ट्राइप दुकानदाराला चाव्यांचे दोन संच देते. चाचणीच्या गुप्त चावीचा आरंभ `sk_test_` असा, तर प्रत्यक्ष व्यवहाराच्या चावीचा `sk_live_` असा असतो. चाचणीची चावी वापरल्यास मागणी बँकेपर्यंत जात नाही. उत्तर स्ट्राइपच देते. ते कोणते असावे, हे नमुना-क्रमांकावरून ठरते.

`4242 4242 4242 4242` या क्रमांकाने व्यवहार यशस्वी होतो. मुदत भविष्यातील कोणतीही व सुरक्षा-अंक कोणतेही तीन चालतात. हा क्रमांक अंकतपासणीतही उतरतो. डावीकडून एकाआड एक अंक दुप्पट केल्यास आठ चारांचे ६४ व आठ दोनांचे १६ मिळून ८० होतात. बेरजेला दहाने निःशेष भाग जाणे ही खऱ्या कार्डाचीही अट आहे. `4000 0000 0000 9995` हा क्रमांक खात्यात पुरेशी रक्कम नसल्याचा नकार देतो, तर `4000 0027 6000 3184` दर वेळी ग्राहकाची ओळख पटविण्याची मागणी करतो.

खरी परीक्षा या शेवटच्या कार्डाने होते. समजा, पुस्तकाची किंमत २० डॉलर आहे. रक्कम सेंटमध्ये, म्हणजे `2000` अशी पाठवावी लागते. ओळख पटविण्याचे पान उघडल्यावर संमती द्यावी आणि दुकानाच्या पानावर परतण्यापूर्वीच खिडकी बंद करावी. स्ट्राइपच्या नोंदीत व्यवहार यशस्वी, पण दुकानाच्या वहीत मागणी अपूर्ण असे आढळल्यास दोष स्पष्ट होतो : ग्राहक परत येईल या भरवशावर नोंद ठेवली आहे. अशा वेळी खऱ्या ग्राहकाचे पैसे जातील, पुस्तक मात्र निघणार नाही. म्हणून स्ट्राइपच्या संगणकाकडून दुकानाच्या संगणकाला थेट येणाऱ्या `payment_intent.succeeded` या सूचनेवरूनच मागणी पूर्ण धरावी.

प्रत्यक्ष व्यवहार सुरू करताना चाव्यांबरोबर या सूचनांची स्वाक्षरी तपासणारे गुपितही बदलावे लागते, कारण दोन्ही अवस्थांचे गुपित निराळे असते. जुनेच राहिल्यास खऱ्या सूचना खोट्या ठरून नाकारल्या जातात व वरील दोषच पुन्हा उद्भवतो. चाचणीत नोंदविलेले ग्राहक व व्यवहारही प्रत्यक्ष अवस्थेत येत नाहीत.

या पद्धतीला मर्यादा आहे. खरी बँक कोणता व्यवहार संशयास्पद मानील, हे नमुना-क्रमांक सांगू शकत नाहीत. त्यामुळे चाचणी संपल्यावरही आरंभीच्या काही खऱ्या मागण्या दोन्ही नोंदींत ताडून पाहाव्या लागतात.