पट्टा जातो, ताण उरतो

घरातलं माणूस गेलं की भिंतीवर लावायला फोटो शोधला जातो आणि बहुतेक वेळा चांगला फोटो सहलीतलाच निघतो. चेहरा प्रसन्न, उजेड छान, पण खांद्यावरून कमरेपर्यंत बॅगेचा आडवा पट्टा. मग तो फोटो स्टुडिओत येतो आणि मागणी असते, "एवढा पट्टा तेवढा काढून द्या." पट्टा पुसायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो पट्ट्याने कापडाला दिलेला ताण काढायला. तो राहिला तर पट्टा नसलेल्या शर्टावरही पट्टा दिसत राहतो.

म्हणून काम हातात घेतल्यावर आधी पट्ट्याने काय काय केलं आहे ते पाहावं लागतं. भरलेली बॅग कमरेशी लोंबत असते, तिचं वजन खांद्यावर येतं. त्यामुळे खांद्याची रेषा दबते, कॉलर त्या बाजूला ओढली जाते आणि सरळ असायला हवी ती बटणपट्टी किंचित वाकते. पट्ट्याच्या दोन्ही कडांपासून बारीक, ताणलेल्या चुण्या बाहेर पसरतात आणि एका कडेला सावलीची पट्टी पडते. गळ्यातल्या ओळखपत्राची फीत यापैकी फारसं काही करत नाही. ती हलकी असते, शर्टावर नुसती टेकलेली असते. तिथे फीत आणि सावली एवढंच काढायचं असतं. तिथली खरी अडचण कार्डाची, कारण कार्डामागे एखादं बटण झाकलं जातं. पण शर्टाची बटणं साधारण समान अंतरावर असतात. दिसणाऱ्या दोन बटणांमधलं अंतर मोजलं की झाकलेल्याची जागा सापडते. पोटाच्या उतारावर हे अंतर फोटोत थोडं बदलतं, तेवढं ध्यानात ठेवायचं.

आता एक अवघड उदाहरण घेऊ. चौकडीचा सुती शर्ट, फोटोत आपल्या उजवीकडच्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे गेलेला काळा पट्टा, प्रकाश डावीकडून वरून. पट्टा फोटोत ९० पिक्सेल रुंद आहे, त्याच्या खालच्या बाजूची सावली आणखी २५ पिक्सेल, आणि शर्टाचा एकेक चौकोन ३० पिक्सेलचा. म्हणजे भरायची जागा ९० नव्हे, ११५ पिक्सेलची. सावली तशीच ठेवून नुसता पट्टा भरला, तर छातीवर कारण नसलेली काळी रेघ उरते.

फोटोशॉपमध्ये मूळ फोटोला हात न लावता वर एक कोरा लेयर घ्यायचा आणि क्लोन स्टॅम्पचा नमुना `Current & Below` वर ठेवायचा. पट्ट्याच्या अगदी कडेला हीलिंग ब्रश वापरू नये. तो शेजारच्या रंगाशी जुळवून घेतो, आणि शेजारी काळा पट्टा असला की काळपट डाग ओढून आणतो. साध्या एकरंगी कापडावर आपोआप भरणारी सोय बऱ्यापैकी काम करते. चौकडीवर मात्र ती रेषा तोडते आणि मधूनच अर्धे चौकोन पेरते.

चौकडी त्रासदायक असते, तशीच ती मदतही करते, कारण कापड कुठे सरकलं आहे ते तिच्या रेषा सांगतात. पट्ट्याच्या वरच्या बाजूची एखादी रेषा पेन टूलने पुढे वाढवून पाहावी. आपल्या फोटोत ती पलीकडच्या रेषेला भेटत नाही, जवळजवळ अर्धा चौकोन चुकते. याचा अर्थ पट्ट्याखाली कापड गोळा झालं आहे. छातीच्या मोकळ्या भागातून चौकडीचा तुकडा उचलून नवीन लेयरवर ठेवला आणि वार्पने वाकवला, की एका कडेला रेषा जुळतात आणि दुसऱ्या कडेला चुकतात. सगळी चूक तुकड्यातच जिरवायला गेलं तर चौकोन लांबट होतात, आणि ते लगेच खटकतं.

इथे चुणीच कामाला येते. खरी चुणी कापड गिळते. रेषा तिच्यात शिरते आणि थोडी सरकून बाहेर पडते, हे कुठल्याही अंगावरच्या शर्टात दिसतं. म्हणून थोडा फरक वार्पने दूरपर्यंत पसरवायचा आणि उरलेला एका चुणीत दडवायचा. पण ती चुणी कुठूनही काढून चालत नाही. कापडाच्या चुण्या जिथे कापड अडतं किंवा ताणलं जातं तिथून निघतात: खांद्याची शिवण, काख, लावलेलं बटण, कोपराचा वाक. आपल्या फोटोत ती काखेतून काढून तिसऱ्या बटणाकडे न्यायची. पट्ट्याची जागा ती तिरकी ओलांडते, आणि सुरुवात व शेवट दोन्ही पट्ट्याच्या बाहेर असल्यामुळे डोळ्याला पट्टा आठवत नाही. पट्ट्याला समांतर चुणी काढली, तर काढलेला पट्टाच पुन्हा रंगवल्यासारखं होतं.

मग जुन्या चुण्यांची निवड. पट्ट्याच्या कडेपासून सुरू होणाऱ्या ताणलेल्या चुण्यांना आता कारण उरलेलं नाही. त्या फिक्या करायच्या किंवा पुसायच्या. काखेतून आलेल्या आणि पट्ट्याने मध्येच तोडलेल्या चुण्या मात्र भरलेल्या भागातून पुढे न्यायच्या. दबलेली खांद्याची रेषा लिक्विफायने हळूच वर उचलायची. दुसरा खांदा उलटा करून चिकटवण्याचा मोह होतो, पण त्याबरोबर प्रकाशही उलटा येतो. डावीकडून येणारा उजेड एका खांद्यावर उजवीकडून पडलेला दिसतो.

रेषा जुळल्या तरी भरलेला भाग अजून सपाट असतो. त्यासाठी ५० टक्के करडा लेयर सॉफ्ट लाइट मोडमध्ये घेऊन त्यावर अगदी कमी जोराच्या ब्रशने उजेड-सावली चढवायची. प्रकाश डावीकडून आहे, म्हणून चुणीचा डावा उतार उजळ आणि उजवा गडद. दोन्ही बाजूंना सारखा मऊपणा देऊ नये. कापड जिथे मोडतं तिथे सावलीची कड धारदार असते, आणि तिथून दूर जाताना ती विरत जाते. सुती कापडात ही मोड कडक दिसते, पातळ सिंथेटिकमध्ये ओघळती. शेवटी ताणलेल्या तुकड्यात कापडाची वीण आणि फोटोचा दाणा पुसट झालेला असतो. आजूबाजूला जुळेल इतका नॉइज घातला नाही, तर छपाईत तो भाग मेणासारखा दिसतो.

काम जमलं की नाही, हे मोठं करून बघितल्याने कळत नाही. फोटो अंगठ्याएवढा करून बघावा, मग आडवा उलटवून बघावा, आणि तात्पुरता एक कर्व्हज लेयर टाकून कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवावा. तिरकी फिकी पट्टी दिसली, तर बहुतेक वेळा भरलेला भाग भोवतालापेक्षा थोडा उजळ किंवा गडद राहिलेला असतो, आणि तेवढं सुधारलं की ती जाते.

हे काम घरच्या, आठवणीच्या फोटोपुरतं ठीक. बातमीच्या फोटोत ते चालत नाही. सीरियातल्या एका फोटोच्या कोपऱ्यातला सहकाऱ्याचा व्हिडिओ कॅमेरा पुसला, म्हणून असोसिएटेड प्रेसने जानेवारी २०१४ मध्ये छायाचित्रकार नार्सिसो कॉन्ट्रेरास यांच्याशी संबंध तोडले. फोटो पुरावा म्हणून लागणार असेल, तर तिथेही मूळ प्रतच द्यावी.

आणि फोटो स्टुडिओत देताना व्हॉट्सॲपवर फिरून आलेली प्रत देऊ नका. तिच्यात वीण आणि बारीक चौकडी आधीच पुसलेली असते, मग जुळवायला रेषाच उरत नाहीत. फोनमधली किंवा कॅमेऱ्यातली मूळ फाइल द्या. त्याच दिवशी, त्याच शर्टात, पट्टा नसताना काढलेला दुसरा फोटो असेल तर तोही द्या, मग मागचा पांढुरका किंवा हललेला असला तरी चालेल. पट्ट्याखाली दडलेली बटणपट्टी, खिसा आणि कॉलरची कड त्यात जशी होती तशी सापडते, आणि अंदाजाने काढण्याचा भाग तेवढा कमी होतो.