कलरच्या टेबलावर शॉट का बदलतो?

एडिट लॉक झाला की टाइमलाइन कलरिस्टकडे जाते. बरोबर जाते ती ईडीएल, म्हणजे कटांची साधी मजकूर-फाइल. तिच्यातली एक नोंद अशी असते:

```
014  AX  V  C  00:00:02:10 00:00:05:10 01:03:20:00 01:03:23:00
* FROM CLIP NAME: DRONE_0007.MP4
```

पहिले दोन आकडे मूळ क्लिपमधली जागा सांगतात, पुढचे दोन टाइमलाइनवरची. `AX` हे रीलचं नाव, आणि घोळ इथेच होतो. हे नाव सगळ्याच क्लिपना लागलेलं असू शकतं. त्यात बऱ्याच ड्रोन क्लिपचा टाइमकोड शून्यापासूनच सुरू होतो. मग २ सेकंद १० फ्रेम ही जागा प्रत्येक क्लिपमध्ये सापडते, आणि सॉफ्टवेअर बिनदिक्कत भलताच शॉट उचलतं. लांबी जुळते, त्यामुळे लाल खूण दिसत नाही.

म्हणून एडिटरने टाइमकोड छापलेली रेफरन्स फिल्म द्यायलाच हवी. कलरिस्ट ती वरच्या ट्रॅकवर ठेवून डिफरन्स मोड लावतो. चित्र जुळलं तर छापील आकडे सोडून पडदा जवळपास काळा, चुकलं तर आकृत्या उमटतात.

उपाय म्हणजे रीलऐवजी फाइलच्या नावावरून जुळवणी करणं. त्यासाठी शूटिंगनंतर लगेच, एडिटच्या आधी, प्रत्येक क्लिपला वेगळं नाव हवं. एक्सएमएलमध्ये फाइलचा पत्ता आणि अनेक ट्रॅक जातात, पण वेग बदललेले शॉट तिथेही तपासावेत.

साउंडसाठी चित्र सुरू होण्याआधी बरोबर २ सेकंदांवर एका फ्रेमचा बीप ठेवतात. मिक्स परत आल्यावर तो `00:59:58:00` वरच पडला पाहिजे.