मुंबईतील गिरणी कामगारांची कामाच्या तासांची चळवळ

मुंबईतील गिरणी कामगारांची कामाच्या तासांची चळवळ ही १८८४ ते १९२० या काळात मुंबईच्या कापड गिरण्यांत कामाचा दिवस निश्चित व कमी करण्यासाठी झालेली चळवळ होय. भारतातील संघटित कामगार चळवळीची सुरुवात साधारणतः तिच्यापासून मानली जाते. या चळवळीत आधी अर्ज, मग संप आणि शेवटी कायदेशीर मान्यता असलेली कामगार संघटना असा क्रम दिसतो.

पार्श्वभूमी

कावसजी दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत कापड गिरणीची कंपनी स्थापन केली. त्यानंतर काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा या भागांत गिरण्यांची रांग उभी राहिली. सुरुवातीच्या काळात काम सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत चाले. त्यामुळे दिवस हिवाळ्यात लहान, तर उन्हाळ्यात तेरा-चौदा तासांचा होई. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. सणावारी गिरणी बंद राही. पण रविवारी बंद असली तरी यंत्रे साफ करण्यासाठी कामगारांना बोलावले जाई.

१८८१ च्या कारखाना कायद्याने फक्त मुलांना संरक्षण दिले. सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी आली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा ठरली. प्रौढांच्या तासांवर कोणतेही बंधन नव्हते. भारतातील स्वस्त मालाच्या स्पर्धेमुळे लँकेशायरचे गिरणीमालकही अशा कायद्याचा आग्रह धरत होते. त्यामुळे मुंबईचे मालक या मागणीकडे परक्या व्यापाऱ्यांचा डाव म्हणून पाहत.

लोखंडे आणि रविवारची सुट्टी

सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते व ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे कामगारांची सभा बोलावली. सुमारे ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारने नेमलेल्या आयोगाकडे देण्यात आले. दर रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, वेळेवर पगार आणि अपघातात भरपाई अशा मागण्या त्यात होत्या. दिवस किती तासांचा असावा, हे या निवेदनात म्हटलेले नव्हते. तो कधी सुरू व्हावा आणि कधी संपावा, एवढेच मागितले होते.

२४ एप्रिल १८९० रोजी झालेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियांनीही भाषणे केली. १० जून १८९० रोजी गिरणीमालक संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्या वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी बंधनकारक केली आणि स्त्रियांच्या कामाला अकरा तासांची मर्यादा घातली.

लोखंडे यांच्या ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’कडे मात्र सभासदांची नोंद, निधी किंवा नियमावली नव्हती. ती कामगारांच्या वतीने बोलणारी संस्था होती. त्यांच्याकडून संप घडवून आणू शकणारी नव्हती. १८९७ मध्ये लोखंडे यांचे निधन झाल्यावर तिचे कार्य थांबले.

विजेचे दिवे आणि वाढलेला दिवस

गिरण्यांत विजेचे दिवे आल्यावर सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादा नाहीशी झाली. १९०५ च्या तेजीत काही गिरण्या चौदा-पंधरा तास चालू लागल्या आणि त्याविरुद्ध कामगारांनी काम बंद केले. तोपर्यंतचे संप बहुधा एका खात्यापुरते किंवा एका गिरणीपुरते असत. कामगारांची भरती करणारा जॉबर अनेकदा त्यांत पुढे असे. संपाच्या काळात पगार देणारा निधी नसल्याने कामगार दुकानदाराच्या उधारीवर राहत किंवा कोकणात व घाटावर गावी जात. गावाचा हा आधार संपली की संपही संपे. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांसाठी प्रथमच बारा तासांची मर्यादा ठरवली.

दहा तासांचा दिवस

पहिल्या महायुद्धानंतर महागाई वाढली, पण पगार त्या मानाने वाढले नाहीत. जानेवारी १९१९ मध्ये लाखाहून अधिक कामगारांचा सार्वत्रिक संप झाला. जानेवारी १९२० च्या संपात पगारवाढीबरोबर कमी तासांची मागणी पुढे आली आणि मालकांनी दहा तासांचा दिवस मान्य केला. १९२२ च्या कायद्याने आठवड्याला साठ तासांची मर्यादा घातली.

परिणाम

ऑक्टोबर १९२० मध्ये मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली. तरीही संघटना करणे कायद्याने सुरक्षित नव्हते. मद्रासमधील एका गिरणीच्या संपानंतर तेथील कामगार नेत्यांवर न्यायालयाने मनाईहुकूम बजावला होता. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने नोंदणीकृत संघटनांना अशा दाव्यांपासून संरक्षण दिले.

दिवस लहान झाल्यावर मालकांनी एका विणकराकडे दोनऐवजी तीन माग देण्यासारख्या योजना आणल्या. त्यामुळे तासांचा वाद कामाच्या भाराकडे वळला. १९२८ चा सुमारे सहा महिन्यांचा संप आणि त्यातून उभी राहिलेली गिरणी कामगार युनियन या वादातून पुढे आली. अठ्ठेचाळीस तासांचा आठवडा कायद्यात १९४६ मध्ये आला आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात तो कायम झाला.