माहिती पुन्हा लिहावी, पण कुठे?

ग्राहकाचं शहर एकाच तक्त्यात, एकदाच नोंदवावं, ही एडगर कॉड यांनी 1970 च्या दशकात घालून दिलेली शिस्त. पत्ता बदलला की एकाच जागी दुरुस्ती. रोजच्या बिलिंगसाठी हेच योग्य.

अहवालाचं गणित वेगळं असतं. शहरवार विक्री काढायला बिलं, वस्तू आणि ग्राहक यांचे तक्ते दर वेळी जोडावे लागतात. शिवाय एखादा ग्राहक मार्चमध्ये नाशिकहून पुण्याला गेला, की त्याची जानेवारीतली खरेदीही पुण्याच्या खात्यात दिसू लागते. जुना अहवालच बदलतो. म्हणून अहवालाच्या तक्त्यात विक्रीच्या प्रत्येक ओळीत त्या वेळचं शहर मुद्दाम पुन्हा लिहितात.

यात धोकाही आहे. रात्रीचा भरणा अर्धवट किंवा दोनदा झाला, तर आकडे फसवतात. त्यासाठी दिवसाची बेरीज मूळ बिलांशी रोज ताडून पाहावी. तफावत आली, तर हाताने दुरुस्ती न करता तो दिवस पुसून पुन्हा भरावा. जुने दिवसही असे भरता यावेत, यासाठी पत्त्यातले बदल मूळ नोंदीत तारखेसह जपावेत.

एकदा लिहून शेकडो वेळा वाचायची माहिती असेल, तिथेच ही पुनरावृत्ती करावी. रोज बदलणाऱ्या नोंदींत ती टाळावी.