वर्षभराचं काम, दीड पानात

मार्च संपत आला की चाकण-तळेगावच्या कारखान्यांत एचआरचा मेल येतो: सेल्फ-अप्रेझल अमुक तारखेपर्यंत भरा. बहुतेक जण शेवटच्या संध्याकाळी बसतात आणि जानेवारीपासून पुढचं आठवेल तेवढं लिहितात. जूनमध्ये रात्री दोनला उठून येऊन चालू केलेली लाइन कागदावर येतच नाही.

नमुना म्हणून समजा, मेंटेनन्समधल्या एका इंजिनीअरने लिहिलं, ‘मशिन बंद पडण्याचं प्रमाण मी लक्षणीयरीत्या कमी केलं.’ वाक्य खोटं नाही, पण ते कुणीही लिहू शकतो. साहेबांनी विचारलं, किती कमी? मग त्याने ब्रेकडाउन रजिस्टर काढलं. आदल्या वर्षी बारा मशिन मिळून महिन्याला सरासरी ४६ तास बंद होती, यंदा ३१. जवळजवळ एक तृतीयांश घट! आकडा आला, तोही रजिस्टरमधून. आता कोण हरकत घेणार?

प्रॉडक्शनवाले घेणार. जूनमध्ये दोन जुनी मशिन काढून तिथे नवी बसवली, हे त्यांना पाठ असतं. त्या दोन जागा सोडून उरलेल्या दहा मशिनचा हिशेब केला, तर ३० तासांचे २४ झालेले दिसतात. म्हणजे पंधरा तासांच्या बचतीतले नऊ कंपनीने नव्या मशिनवर खर्च केले म्हणून वाचले आणि सहा मेंटेनन्सच्या कामामुळे. त्या सहांतही ऑपरेटरचा वाटा आहेच, कारण शिफ्ट सुरू होताना तेलाची पातळी तेच बघतात. शेवटी कागदावर आलं ते असं: ‘नवी दोन सोडून दहा मशिनचा बंद काळ महिन्याला ३० वरून २४ तासांवर आला. तपासणीचं वेळापत्रक मी बसवलं, रोजची तपासणी ऑपरेटर करतात. नोंदी ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये आहेत.’ एक तृतीयांशाची वीस टक्के झाली खरी, पण हा आकडा कुणी खोडू शकत नाही.

याला महत्त्व येतं ते पुढच्या बैठकीमुळे. बऱ्याच कंपन्यांत रेटिंग एकटा साहेब ठरवत नाही. सगळे विभागप्रमुख एकत्र बसून आपापल्या माणसांच्या श्रेण्या ताडून बघतात. ज्याच्याबद्दल चर्चा चाललेली असते तो तिथे नसतो. त्याची बाजू मांडणाऱ्या साहेबाच्या हातात त्याने लिहिलेल्या दोन-चार ओळी असतात. त्यातली एक जरी फुगवलेली निघाली, तरी उरलेल्या खऱ्या ओळींवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

‘सुधारणेला वाव’ हा रकाना सगळ्यांत अवघड. तिथे ‘मी फार परफेक्शनिस्ट आहे’ असं लिहिणाऱ्यांची कमी नाही. साहेब लोक ते वाचून पुढे जातात, हसतही नाहीत. आपल्या इंजिनीअरची खरी उणीव रजिस्टरमध्येच होती. स्पिंडलचं बेअरिंग स्टोअरमध्ये नसल्याने दोनदा मशिन ताटकळलं होतं. बेअरिंग यायला सहा-आठ आठवडे लागतात आणि याने मागणी घातली ती जुनं बेअरिंग आवाज करायला लागल्यावर. त्याने ते तसंच लिहिलं. पुढे जोडलं, की नोव्हेंबरपासून पंधरा स्पेअरची किमान साठ्याची यादी केली आहे, तरी यादीतून सुटलेल्या एका सीलमुळे जानेवारीत पुन्हा मशिन थांबलं. शेवटी मागणी केली, कंपनांवरून बेअरिंगची झीज ओळखायच्या प्रशिक्षणाची. दोष, त्यावरचा उपाय, उपायातलं उरलेलं भोक आणि हवी असलेली मदत, सगळं चार ओळींत बसलं.

सरकारी नोकरीतही हेच वेगळ्या नावाने चालतं. केंद्र सरकारच्या कामगिरी अहवालात कर्मचाऱ्याने आपला स्वयंमूल्यमापनाचा भाग साधारण १५ एप्रिलपर्यंत द्यायचा असतो. गुण १ ते १० मध्ये मिळतात, आणि ९ किंवा १० द्यायचे तर वरिष्ठाला नेमकी कामगिरी दाखवून समर्थन लिहावं लागतं. ते लिहायला लागणारा मजकूर कर्मचाऱ्याच्याच भागात नसेल, तर मनात असूनही साहेबाचा हात ८ वर थांबू शकतो.

आता कबुलीची जोखीम. जिथे विभागातल्या ठरावीक टक्के लोकांना खालची श्रेणी द्यावीच लागते, तिथे लिहून दिलेली उणीव सोयीचं कारण ठरू शकते. म्हणून उणीव लपवण्यापेक्षा निवडावी: जी साहेबांना आधीच ठाऊक आहे आणि जिच्यावर काम सुरू झालं आहे, ती. बेअरिंगसाठी मशिन दोनदा थांबलं, हे प्लांटमध्ये सगळ्यांनीच पाहिलं होतं. तो रकाना कोरा ठेवला असता, तर बैठकीत ती गोष्ट दुसऱ्याच कुणीतरी काढली असती, तीही यादीचा उल्लेख न करता.