कार्यक्रम झाला, आता देणगीदाराला अहवाल

आपल्या गटांचे मेळावे, हळदीकुंकू, रानभाज्यांचे महोत्सव होतात. त्याला गावातली पतसंस्था, दूध संस्था किंवा एखादा दुकानदार मदत देतो. कार्यक्रम संपला की आपण मंडप सोडतो, भांडी घासतो आणि मदत देणाऱ्याला एकदम पुढच्या वर्षीच भेटतो, ती पुन्हा पैसे मागायला. तो विचारतो, "मागच्या वेळच्या पैशांचं काय झालं?" तेव्हा हातात कागद असेल तरच बोलणं पुढे सरकतं. तो दोन पानांचा कागद कसा करायचा, ते आज पाहू.

उदाहरण घेऊ. समजा, एका पतसंस्थेने आपल्या रानभाजी महोत्सवाला 10,000 रुपये दिले. बदल्यात आपण कबूल केलं की दारात त्यांचा फलक लावू आणि माईकवरून तीनदा नाव घेऊ.

अहवालात पहिली गोष्ट येते माणसांची. "प्रचंड गर्दी झाली" या वाक्याचा त्यांना उपयोग नाही. दारात नोंदवही ठेवा आणि त्यात नाव व गाव असे दोनच रकाने आखा. समजा, वहीत 212 नावं आली. त्यात आपल्या गावची 131 आणि आसपासच्या वाड्यांची 81. पतसंस्थेला हा वाड्यांचा आकडा फार मोलाचा, कारण तिथे त्यांचे खातेदार कमी असतात. पण सगळेच काही वहीत नाव लिहीत नाहीत. म्हणून भाजी चाखायची कूपनं मोजून छापा. 300 छापली आणि 64 उरली, तर 236 वाटली गेली. आता 212 आणि 236 यांची बेरीज करू नका, माणसं तीच आहेत. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहा आणि कशावरून काढले तेही लिहा. रेडिओवर जाहिरात झाली असेल, तर किती जणींनी ऐकली हे आपल्याला मोजता येत नाही. किती वेळा लागली तेवढंच लिहा. फुगवलेला आकडा लगेच पकडला जातो, कारण पतसंस्थेचा माणूसही कार्यक्रमाला येऊन गेलेला असतो.

दुसरी गोष्ट फोटोंची. चाळीस फोटो पाठवले तर कोणी बघत नाही, पाच-सहा पुरतात. उद्घाटनाच्या वेळी निम्म्या खुर्च्या रिकाम्या असतात, तेव्हा गर्दीचा फोटो भर कार्यक्रमात, जरा उंचावर उभं राहून घ्या. एका फोटोत फलकावरचं नाव वाचता आलं पाहिजे आणि त्याच्याजवळ माणसंही दिसली पाहिजेत. फोटोखाली एक ओळ लिहा: कोण, काय करतंय. ज्या ताईचा चेहरा जवळून दिसतो तिला आधी विचारा आणि लेकरांचा असेल तर आईला विचारा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून जोडा, नाहीतर छापताना धूसर येतो.

तिसरी गोष्ट पैशांची. मंडप 4,000, बक्षिसं 2,500, माईक 1,500 आणि फलक 1,200, असे एकूण 9,200 रुपये झाले. उरले 800. ते लपवू नका आणि परस्पर दुसरीकडेही वळवू नका. "परत करू की पुढच्या कार्यक्रमासाठी ठेवू?" असं त्यांनाच विचारा. पावत्यांच्या झेरॉक्स मागे जोडा. त्याखाली कबूल केलेल्या गोष्टींची यादी द्या. पावसाने फलक दुपारीच उतरवावा लागला असेल, तर तसं लिहा. आपण लिहिलं नाही, तरी त्यांना कोणाकडून तरी कळतंच.

आता आभार. "आपले मनःपूर्वक आभार" एवढ्याने कोणाच्या मनात काही राहत नाही. त्यांच्या पैशाने काय झालं ते सांगा. बक्षीस मिळालेल्या ताईला तिच्याच शब्दांत दोन ओळी सांगायला लावा आणि तिला विचारून त्या छापा. खाली अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या घ्या.

शेवटच्या परिच्छेदात पुढच्या वर्षाचं बोला. महोत्सव कोणत्या महिन्यात, यंदा काय कमी पडलं, त्यासाठी किती रुपये लागतील, हे नेमकं लिहा. "असंच सहकार्य राहू द्या" म्हटलं, तर समोरच्याला काय ठरवायचं तेच कळत नाही. पण त्याच भेटीत होकारासाठी अडून बसू नका. संस्थांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, म्हणून पुढच्या खर्चाची बोलणी कधी होतात ते विचारून घ्या आणि त्याआधी पुन्हा जा.

हा अहवाल आठ-दहा दिवसांत, दोघी-तिघींनी जाऊन हातात द्या. एक प्रत गटाच्या फायलीत लावा. पुढच्या वर्षी पदाधिकारी बदलल्या, तरी नव्या ताईंना ती हाताशी असेल.